रात्रभर जागून वाचलेलं जातं कुठे?

उशीखालचं पुस्तक

मंडळी, नोकरी सांभाळून एका व्यावसायिक परीक्षेची तयारी करतेय. पाठांतरासाठी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या करते, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर. पहिल्या पेपरच्या आदल्या रात्री ६० चिठ्ठ्या शिल्लक होत्या. रात्री दहाला बसले ती पहाटे सहालाच उठले. नऊ वाजता स्वतःची परीक्षा घेतली तर ४४ बरोबर! पेपरही बरा गेला, त्यामुळे जागरण वसूल झालं असं वाटलं.

दुसऱ्या पेपरच्या ६० चिठ्ठ्या शहाण्यासारख्या चार संध्याकाळी केल्या, रोज पंधरा, आणि साडेअकराला दिवा बंद. पेपरच्या सकाळी ४७ आल्या.

आता गंमत ऐका. दोन्ही गठ्ठे त्या त्या पेपरनंतर तीन आठवड्यांनी पुन्हा काढले. दुसऱ्यातल्या ३३ आठवल्या. पहिल्यातल्या फक्त ९. सकाळी तीन चिठ्ठ्यांचा फरक होता, तीन आठवड्यांनी चोवीसचा झाला. जागून वाचलेलं डोक्यात शिरलंच नव्हतं म्हणावं, तर सकाळी ४४ आल्या कुठून? आणि शिरलं होतं तर गेलं कुठे? झोपेत नेमकं काय होतं जे त्या रात्री झालं नाही?

जांभईबहाद्दर

तीन आठवडे गठ्ठे जपून ठेवून पुन्हा मोजणारी व्यक्ती मी पहिल्यांदाच पाहिली. मी तर पेपर झाला की पुस्तकाकडे बघतसुद्धा नाही, न जाणो त्याला राग यायचा.

घुबड क्र. २

माझ्या आयडीचा जाहीर अपमान. अख्खं कॉलेज रात्री जागून काढलं आणि पास झालो. रात्री शांतता असते, फोन वाजत नाही, डोकं चालतं. ४४ आल्या ना? पेपर तीन आठवड्यांनी नव्हता, त्याच सकाळी होता. तक्रार कसली?

मोरपीस

याचं उत्तर सोपं आहे. आठवणी पक्क्या होतात त्या स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेममध्ये. डोळे पापण्यांआड भराभर हलतात तेव्हा मेंदू दिवसभराची चित्रफीत परत बघत असतो. आधीची गाढ झोप शरीराच्या डागडुजीसाठी असते. त्यामुळे अभ्यास करणाऱ्यांनी पहाटेची झोप सोडू नये, बाकी चालतं.

सरळरेषा

मला एवढं गूढ काही दिसत नाही. झोपेत माणूस नवीन काही ऐकत नाही, वाचत नाही, भांडत नाही. आधी वाचलेल्यावर दुसरं काही येऊन पडत नाही, म्हणून ते टिकतं. बंद खोलीत धूळ कमी बसते, त्यासाठी खोली स्वतः झाडू मारते असं मानायची गरज नाही. झोपेत मेंदू 'काम' करतो याचा पुरावा असेल तर सांगा.

तळटीप

सरळरेषा, तुमची शंका जुनी आणि चांगली आहे, तिथूनच सुरू करतो. (झोपेच्या प्रयोगशाळेत काही वर्षं घालवली आहेत, बहुतेक रात्री दुसऱ्यांना झोपवून स्वतः जागण्यात.)

१९२४ साली जेनकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना अर्थहीन अक्षरगट पाठ करायला लावले. कधी पाठ करून लगेच झोपायचं, कधी सकाळी पाठ करून दिवसभर कामाला लागायचं. आठ तासांनी विचारलं तर झोपून उठल्यावर साधारण निम्मे आठवत होते, जागेपणी जेमतेम एखादा. त्यांनी निष्कर्ष काढला तो अगदी तुमचाच: झोप काही करत नाही, फक्त नवीन गोष्टींची ढवळाढवळ थांबवते. हे स्पष्टीकरण पुढे बरीच वर्षं टिकलं.

ते अपुरं का पडलं, ते पाहू. झोप म्हणजे नुसती शांतता असेल, तर रात्रीचे कुठलेही तीन तास सारखेच उपयोगी पडायला हवेत. पण रात्र सगळीकडे सारखी नसते. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं असतात. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत गाढ झोप भरपूर असते आणि रेम नावापुरती. पहाटेकडे हे उलटं होतं. १९९७ मध्ये प्लिहाल आणि बॉर्न यांनी नेमका याचा उपयोग केला. एका गटाने शब्दांच्या जोड्या पाठ केल्या आणि रात्रीचे पहिले तीन तास झोपला. दुसऱ्या गटाला आधी तीन तास झोपू दिलं, मग उठवून तेच पाठ करायला लावलं आणि उरलेली रात्र झोपू दिलं. शांतता दोघांनाही तेवढीच मिळाली. तरी शब्दांच्या जोड्यांना फायदा झाला तो सुरुवातीच्या, गाढ झोपेच्या तासांत. आरशात बघून आकृती गिरवण्यासारखं हाताचं कसब मात्र पहाटेच्या झोपेने जास्त सुधारलं.

म्हणजे मोरपीस, रेमला काम आहे हे तुमचं बरोबर, पण पुस्तकातल्या चिठ्ठ्यांच्या बाबतीत तुम्ही पाटी उलटी लावलीत. 'फक्त शरीराची डागडुजी' म्हणून जी झोप तुम्ही बाजूला काढलीत, तीच इथे कामाची.

मोरपीस

अरेच्चा! मी तर हे कितीतरी जणांना सांगितलंय. पण एक विचारते. मला स्वप्नं कधीच आठवत नाहीत. मग माझी ती झोप होतच नाही का? विसराळू तर मी आहेच.

टाचणी

स्वप्न न आठवणं आणि न पडणं यात फरक आहे. स्वप्न चालू असताना कुणी उठवलं तरच ते सहसा हाती लागतं. रेमचा शोध १९५३ मध्ये लागला तोच असा, शिकागोत अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन झोपलेल्या माणसांचे डोळे हलले की त्यांना उठवून विचारायचे. बरीच जणं 'हो, स्वप्न चालू होतं' म्हणायची. तुम्हाला कुणी वेळेवर उठवत नाही एवढंच.

जांभईबहाद्दर

मला बायको उठवते, पण वेगळ्याच कारणासाठी. आणि तेव्हा स्वप्न तिलाच पडलेलं असतं, की मी घोरत होतो.

सरळरेषा

तळटीप, तुमचा १९९७चा प्रयोग मान्य. पण मध्यरात्री उठवून पाठ करायला लावलेला माणूस अर्धवट झोपेत असणार. त्याचं पाठांतरच कच्चं झालं असेल तर? मग गाढ झोपेचं श्रेय कशाला?

तळटीप

शंका रास्त आहे. म्हणूनच मला त्यापेक्षा २००७चा गुलाबाचा प्रयोग आवडतो. त्यात पाठांतर सगळ्यांचं सारखंच.

पत्त्यांच्या जोड्या कुठे आहेत ते लक्षात ठेवायचं, असा आपला लहानपणीचा खेळ, संगणकावर. खेळ शिकताना खोलीत गुलाबाचा वास सोडला. मग माणसं झोपली. गाढ झोप लागल्यावर काही रात्री तोच वास पुन्हा नाकाशी सोडला, काही रात्री नुसती हवा. कुणी जागं झालं नाही, कुणाला सकाळी वासाचा पत्ताही नव्हता. वासाच्या रात्रीनंतर जोड्या आठवल्या शंभरात ९७, बिनवासाच्या रात्रीनंतर ८६. तोच वास रेममध्ये सोडला तर फरक शून्य, जागेपणी सोडला तरी शून्य. खोली तीच, शांतता तीच. मग तो वास बदलत काय होता? झोपेत काहीतरी चालू होतं आणि वासाने त्याला हाक मारली, याशिवाय दुसरं स्पष्टीकरण मला तरी सुचत नाही.

ते 'काहीतरी' काय, याचा धागा उंदरांत सापडला. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, दिवसभरातल्या गोष्टींचं कच्चं टिपण तिथे होतं. १९९४ मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या या भागातल्या पेशी ऐकल्या. धावताना ज्या पेशी जोडीने बोलत होत्या, त्याच नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा जोडीने बोलू लागल्या. दिवसभराचा रस्ता झोपेत पुन्हा चालला जात होता.

माणसाच्या गाढ झोपेत मेंदूच्या बाहेरच्या थरात संथ लाटा येतात, सेकंदाला एकीहूनही कमी. लाटेच्या माथ्यावर एक छोटी थरथर येते, सेकंदाला १२ ते १५ वेळा. कागदावर तिचा आकार मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, चातीसारखा दिसतो, म्हणून तिला स्पिंडल म्हणतात. हिप्पोकॅम्पसची उजळणी नेमकी या थरथरीच्या वेळेला जुळून येते. कच्च्या टिपणातलं थोडं थोडं पक्क्या वहीत उतरतं ते असं, हा आजचा सर्वमान्य अंदाज.

उशीखालचं पुस्तक, आता तुमच्या ४४ चिठ्ठ्या. त्या खोट्या नव्हत्या. सकाळी नऊला त्या कच्च्या टिपणात होत्या, तीन तासांपूर्वीच लिहिलेल्या, शाई ओली. पक्क्या वहीत उतरवायची रात्र मात्र तुम्ही वाचण्यातच खर्च केलीत.

उशीखालचं पुस्तक

'शाई ओली' अगदी पटलं. पण पेपरनंतर मी घरी येऊन दहा तास मेल्यासारखी झोपले होते. तेव्हा का नाही उतरलं?

तळटीप

थोडं उतरलंही असेल, त्या ९ चिठ्ठ्या कदाचित त्यातल्याच. पण उशिरा आलेली झोप सगळी भरपाई करत नाही. २००० साली स्टिकगोल्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना नजरेचं एक कसब शिकवलं, पडद्यावरच्या रेघांतला फरक झटकन ओळखायचं. मग काहींना शिकल्याच्या पहिल्या रात्री झोपू दिलं नाही. पुढच्या दोन रात्री मात्र पोटभर झोप, म्हणजे चाचणीच्या वेळी कुणी पेंगुळलेलं नव्हतं. तरीही पहिली रात्र चुकलेल्यांत सुधारणा दिसली नाही. ते कसब पाठांतरापेक्षा वेगळं आहे, म्हणून ते जसंच्या तसं तुमच्या चिठ्ठ्यांना लावणार नाही. पण पहिल्या रात्रीची सर नंतरच्या रात्रींना येईलच असं नाही, एवढं त्यातून दिसतं.

दुसरं नुकसान लक्षातच येत नाही. पहाटे तीन ते सहा वाचलेल्या चिठ्ठ्या मुळातच फिकट लिहिल्या गेल्या असणार. २००७च्याच आणखी एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागवलेल्यांना चित्रं दाखवली, मग दोन रात्री झोपू दिलं आणि नंतर विचारलं. झोपून आलेल्यांपेक्षा त्यांना सुमारे १९ टक्के कमी आठवलं. चित्रं बघताना त्यांचा हिप्पोकॅम्पसही मंद होता. टिपण घेणाराच पेंगत असेल तर दुसऱ्या दिवशी कितीही झोपा, नसलेलं टिपण उतरवणार कसं?

टाचणी

तळटीप, एक टाचणी टोचते. उपुताईंनी दोन गोष्टी एकदम बदलल्यात. पहिला गठ्ठा एका रात्रीत रेटला, दुसरा चार दिवसांत पसरला. मधल्या दिवसांत उजळणीही झाली असणार. अंतर ठेवून वाचलेलं जास्त टिकतं हे झोपेचा विषय न काढताही खरं आहे. मग २४ चिठ्ठ्यांचं सगळं बिल जागरणाच्या नावावर कसं फाडता?

तळटीप

नाही फाडता येत. हे मीच आधी म्हणायला हवं होतं. २४ मधल्या किती झोपेच्या आणि किती अंतराच्या, हे या दोन गठ्ठ्यांवरून सांगता येणार नाही. सांगायचं तर दोन्ही गठ्ठे एकाच बैठकीत, तेवढाच वेळ वाचायला हवेत, एक संध्याकाळी झोपेआधी आणि एक रात्रभर. तेही वेगवेगळ्या आठवड्यांत, सारख्याच अवघड चिठ्ठ्या घेऊन. मात्र चार दिवस पसरवलं की प्रत्येक हप्त्यानंतर एक रात्र आपोआप मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष आयुष्यात या दोन गोष्टी सुट्या होत नाहीत.

उशीखालचं पुस्तक

उजळणी झाली होती, कबूल. दुसऱ्या दिवशी आदल्या पंधरांवरून एक हात फिरवायचे.

घुबड क्र. २

मग माझा मुद्दा अजून उभा आहे! आणि मी कुठेतरी वाचलंय की एमआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर झोप मोजणारे पट्टे बांधले होते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या झोपेचा गुणांशी काहीच संबंध निघाला नाही. आता बोला.

तळटीप

बरोबर वाचलंत, फक्त अर्ध्यावर सोडलंत. २०१९चा अभ्यास, रसायनशास्त्राच्या वर्गातले ८८ विद्यार्थी. आदल्या एका रात्रीचा संबंध नाही निघाला. पण ज्या आठवड्यांत ते धडे शिकवले जात होते, त्या काळातली झोप किती, कशी आणि किती नियमित, याचा गुणांशी संबंध निघाला. शिवाय कुणाला मुद्दाम जागवलं नव्हतं, त्यांच्या नेहमीच्या झोपेतला फरक मोजला होता. त्यामुळे कशामुळे काय झालं हे त्यावरून ठरत नाही. तरी मला तो कच्चं टिपण-पक्की वही या गोष्टीशी जुळणारा वाटतो. धडा शिकलात त्या रात्रीची झोप मोलाची. परीक्षेची आदली रात्र म्हणजे शेवटच्या हप्त्याची रात्र.

घुबड क्र. २

म्हणजे आधीचे हप्ते भरलेच नसतील तर?

जांभईबहाद्दर

तर जप्ती.

चक्रीपाळी

माझी अडचण वेगळी आहे. मी पाळीत काम करतो, आठवडाभर रात्रपाळी, मग दिवसपाळी. बढतीसाठी खात्याची परीक्षा आहे. मी झोपतोच सकाळी आठला. मग माझ्या डोक्यात काही उतरणारच नाही का? वाचायचं कधी, पाळीआधी की नंतर?

तळटीप

उतरतं. गाढ झोप रात्रीला बांधलेली नाही, किती वेळ जागे होतात त्याला बांधलेली आहे. जितकं जास्त जागरण, तितकी ती आधी आणि दाट येते, मग सकाळचे आठ का असेनात. दुपारच्या डुलकीनेही पाठांतराला फायदा झाल्याचं दिसलं आहे. दिवसाच्या झोपेची अडचण ही की शरीराचं घड्याळ तुम्हाला लवकर उठवतं, त्यामुळे शेवटचा भाग तुटतो. पाळी संपल्यावर पेंगत वाचण्यापेक्षा पाळीला जायच्या आधी, ताजे असताना वाचलंत तर निदान टिपण तरी ठळक होईल. पण त्यात आणि झोपेत मग पाळीचे आठ तास येतात. त्या आठ तासांचं मोल नक्की किती, हे मी छातीठोक सांगणार नाही.

मोरपीस

यावरून आठवलं, झोपेत कानाला धडे लावून ठेवायचे हा प्रकार? गुलाबाचा वास चालतो तर आवाज का नाही?

टाचणी

तो प्रयोग १९५०च्या दशकात सायमन आणि एमन्स यांनी करून पाहिलाय, मेंदूच्या लहरी मोजत. माणूस खरोखर झोपलेला असताना ऐकवलेलं सकाळी आठवत नव्हतं. ज्यांना आठवत होतं ते अर्धवट जागे निघाले. गुलाबाने नवीन काही शिकवलं नाही, आधी शिकलेल्याला धक्का दिला. रात्रभर धडे लावलेत तर उलट झोप मोडेल.

सरळरेषा

मी निम्मा वळलोय असं समजा. गाढ झोपेचं पटलं. रेमचं मात्र अजून नाही. काही नैराश्यावरच्या जुन्या औषधांनी रेम जवळजवळ बंद होते, आणि ती घेणाऱ्यांची स्मरणशक्ती ढासळल्याचं दिसत नाही, असं ऐकलंय.

तळटीप

बरोबर ऐकलंय आणि तो आक्षेप अजून कुणी पूर्ण मोडून काढलेला नाही. रेमचा संबंध कसबाशी आणि भावनेने भिजलेल्या आठवणींशी लावणारे प्रयोग आहेत, पण सगळे एका दिशेला बोट दाखवत नाहीत. माझं वैयक्तिक मत असं की रेम आणि गाढ झोप सुट्या न मोजता त्यांच्या आवर्तनाचा क्रमच मोजायला हवा. पण हे मत आहे, निकाल नाही.

उशीखालचं पुस्तक

तिसरा पेपर परवा सकाळी दहाला आहे. समजा उद्या रात्री दहा वाजता चार प्रकरणं राहिली. तुम्ही काय कराल, तळटीप?

तळटीप

चारांतली दोन सोडून देईन. दहा ते साडेअकरा उरलेली दोन वाचेन, दोनदा पुस्तक मिटून स्वतःला विचारेन, आणि झोपेन. साडेपाचला उठून तीच दोन पुन्हा चाळेन. सहा तासांत गाढ झोपेचा बहुतेक हिस्सा मिळतो, पहाटेच्या रेमला कात्री लागते, ती सोसेन. रात्री कॉफी नाही. साधारण पाच तासांनीही तिचा निम्मा अंमल शरीरात असतो. शिवाय ती झोपेची गरज भागवत नाही, फक्त जाणवू देत नाही.

आणि समजा गाडी अगदीच हाताबाहेर गेली, पहाटेचे तीन वाजले, तरी तीन तास झोपाच. गाढ झोप रांगेत पहिली उभी असते, तीन तासांतही ती बरीचशी पदरात पडते. फक्त गजर आणि पेपर यांत तासभर तरी ठेवा, गाढ झोपेतून खेचलेला मेंदू काही वेळ मठ्ठ असतो.

घुबड क्र. २

आणि त्या सोडलेल्या दोन प्रकरणांवरच प्रश्न आला तर?

तळटीप

तर शिव्या मला घाला.

उशीखालचं पुस्तक

पेपर देऊन आले. साडेअकराला झोपले, शप्पथ. घुबडराव, तुमच्या तोंडात साखर की काय ते ठरवा, सोडलेल्या प्रकरणावर दहा गुणांचा प्रश्न आला आणि मी कोरा सोडला. तळटीप, एक शिवी तुमच्या नावावर जमा. पण वाचलेल्या दोन्हींवरचे प्रश्न न अडखळता लिहिले. पहिल्या पेपरला एकच ओळ तीनदा वाचून अर्थ लागत नव्हता, ते या वेळी झालं नाही.

टाचणीताईंच्या समाधानासाठी नवीन ४० चिठ्ठ्या केल्यात. २० आज रात्री दहाला अर्धा तास वाचून झोपणार. दुसऱ्या २० उद्या सकाळी दहाला अर्धा तास, म्हणजे पुढचे बारा तास जागी. मधे उजळणी नाही. दोन्ही बारा-बारा तासांनी तपासणार, आणि पुन्हा तीन आठवड्यांनी.

टाचणी

सकाळची वीस आणि रात्रीची वीस, यांची वाटणी चिठ्ठ्या पिसून करा. सोप्या सोप्या रात्रीच्या गठ्ठ्यात घालायचा मोह होईल.

उशीखालचं पुस्तक

झालाच होता. पिसते.